दर सरळ रेषेत का येत नाहीत : पार्लरच्या दरपत्रकाची मांडणी

प्रश्न : दादा, तारकर्लीच्या वाटेवर माझं लहानसं लेडीज पार्लर आहे. वर्डमध्ये दरपत्रक टाईप केलं, ४३ ओळी झाल्या, दोन पानं भरली. माझ्या लॅपटॉपवर दर सरळ दिसतात, पण दुकानात प्रिंट काढायला दिली की सगळे वाकडेतिकडे होतात. आणि एवढं करून भिंतीवर लावलं तरी बायका न वाचता मलाच विचारतात, “याचे किती?” एका पानावर, नीट कसं बसवू?

उत्तर :

ताई, तुमची फाईल उघडून बघितली. कुडाळात डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करत मला बावीस वर्षं झाली. दरपत्रक म्हटलं की दहातले आठ जण हीच तक्रार घेऊन येतात, आणि त्या आठांच्याही फाईलमध्ये हेच सापडतं : नाव लिहिलं, मग दर उजवीकडे जाईपर्यंत स्पेसबार दाबला. तुमच्या फाईलमध्ये ‘आयब्रो’ आणि ‘५०’ यांच्यामध्ये एकतीस स्पेस आहेत. पुढच्या ओळीत ‘अप्पर लिप’नंतर सत्तावीस.

हे दिसायला सरळ दिसतं, पण सरळ नसतं. टाईपरायटरवर प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं होतं, तिथे स्पेस मोजून रांग लागायची. आताच्या फॉन्टमध्ये ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ रुंद, त्यामुळे प्रत्येक नाव वेगळ्याच ठिकाणी संपतं, आणि स्पेस मात्र ठरावीक मापाच्याच उड्या मारते. बरोबर जागा दोन उड्यांच्या मध्ये असली तर तिथे पोचताच येत नाही. तुमच्या लॅपटॉपवर जो फॉन्ट आहे तो दुकानातल्या मशीनवर नसला, तर वर्ड दुसराच फॉन्ट घालतो, अक्षरांच्या रुंद्या बदलतात आणि तुम्ही डोळ्यांनी जुळवलेलं सगळं कोसळतं. दुकानदाराने काही बिघडवलेलं नाही, त्याच्याकडे फक्त ते उघडं पडलं.

फाईलमध्ये काय दडलंय ते बघायचं असेल तर `Ctrl+Shift+8` दाबा. प्रत्येक स्पेसच्या जागी बारीक ठिपका दिसेल आणि टॅबच्या जागी बाण. ठिपक्यांची माळ दिसली की समजायचं. हीच कळ पुन्हा दाबली की खुणा जातात, प्रिंटमध्ये त्या कधीच येत नाहीत.

पण स्पेस काढून टॅब घातले की काम झालं असं समजू नका. तुमच्या यादीला टॅब लावून बघितले, तरी ती सरळ दिसेना. कारण एकाच उभ्या रांगेत तुम्ही तीन जातींचे दर कोंबलेत. काही ठिकाणी नुसता आकडा आहे : ५०. काही ठिकाणी दोन दर तिरक्या रेघेने जोडलेत : १५०/३००. काही ठिकाणी ‘२००० पासून’, एका ठिकाणी ‘५०० ते ८००’, आणि मधूनच कुठे ‘१५०/-’, कुठे ‘रु. १५०’. आकड्यांच्या रांगेचा अर्थ एवढाच की एककाखाली एकक आणि शतकाखाली शतक यावं, म्हणजे नजर नुसती खाली घसरवली की कुठला दर मोठा, कुठला लहान ते आकडा न वाचताच कळतं. ‘पासून’ हा शब्द आकड्याच्या मागे आला की तो आकड्याला डावीकडे ढकलतो. ‘/-’ काही ओळींना असलं आणि काहींना नसलं तर तेवढ्यानेही रांग मोडते. तेव्हा आधी दरांच्या जाती वेगळ्या करायच्या. गट पाडण्याचं काम आणि दर सरळ लावण्याचं काम ही दोन कामं नाहीत, एकच आहे, आणि त्यातला जड भाग कागदावर पेन्सिलने होतो.

तुमच्या ४३ ओळी मी मोजून वेगळ्या केल्या. थ्रेडिंगच्या ६, वॅक्सिंगच्या १२, क्लीनअप-फेशियल-ब्लीचच्या ७, हेअर कटच्या ४, केसांच्या लांबीवर दर ठरणाऱ्या कामांच्या ६, रूट टचअप आणि मेंदीची प्रत्येकी १, मॅनिक्युअर-पेडिक्युअरच्या २, आणि साडी-मेकअपच्या ४. आता वॅक्सिंगच्या बारा ओळी बघा. तुम्ही लिहिलंय : ‘फुल हॅन्ड्स वॅक्स नॉर्मल’, ‘फुल हॅन्ड्स वॅक्स रिका’, ‘हाफ लेग्स वॅक्स नॉर्मल’, ‘हाफ लेग्स वॅक्स रिका’. सहा जागा, प्रत्येकीचे दोन प्रकार. ‘वॅक्स’ हा शब्द बारा वेळा, ‘नॉर्मल’ सहा वेळा, ‘रिका’ सहा वेळा. बाकावर बसलेली बाई ‘रिका’ किती महाग आहे ते बघायला जाते, तर तिला एक ओळ सोडून एक ओळ वाचावी लागते. ती कशाला वाचेल? तुम्हालाच विचारणार.

दोन प्रकारांचे दोन रकाने केले की बाराच्या सहा ओळी होतात आणि नावं निम्मी होतात :

| वॅक्सिंग | साधं | रिका |
|:--|--:|--:|
| अंडरआर्म्स | ८० | १५० |
| अर्धे हात | १०० | २०० |
| पूर्ण हात | १५० | ३०० |
| अर्धे पाय | २०० | ४०० |
| पूर्ण पाय | ३०० | ६०० |
| पाठ | २५० | ५०० |

हे तुमचेच दर आहेत, मी एकही बदललेला नाही. पण आता ‘रिका’ जवळपास दुप्पट पडतं, हे कुणी न सांगता कळतं. (अंडरआर्म्सला तेवढं दुप्पट नाही, ८० चे १५० आहेत. ते मुद्दाम आहे की चुकून, एकदा बघून घ्या. अशी विसंगती ओळीओळींच्या यादीत लपून राहते, रकान्यात लगेच डोळ्यात येते.)

हीच गोष्ट केसांची. हेअर स्पा, ग्लोबल कलर आणि स्मूदनिंग, तिन्हींचा दर केसांच्या लांबीवर. तुम्ही ‘शॉर्ट’ आणि ‘लाँग’ अशा सहा ओळी केल्यात. इथेही दोन रकाने करायचे, पण डोक्यावर ‘शॉर्ट’, ‘लाँग’ लिहू नका. प्रत्येकीला आपले केस मध्यमच वाटतात, आणि दराचं भांडण नेमकं तिथेच होतं. ‘खांद्यापर्यंत’ आणि ‘खांद्याखाली’ असं लिहा. आरशासमोर बसल्या बसल्या तिचं तिलाच दिसतं आपण कुठल्या रकान्यात आहोत. सहाच्या तीन ओळी झाल्या आणि वादही संपला.

‘पासून’ हा शब्द मला दरपत्रकात आवडत नाही. ‘५०० पासून’ म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, आत गेल्यावर हजार सांगणार. जिथे लांबी, जागा, प्रकार असं काहीतरी बघून दर ठरतो, तिथे ती गोष्टच रकाना करून टाका. ‘पासून’ खरोखर लागतो तो बघून ठरवता येत नाही अशा कामाला, म्हणजे तुमच्याकडे नवरीचा मेकअप : किती वाजता, कुठल्या गावात, हळद आणि लग्न दोन्ही की एकच. म्हणून साडी-मेकअपच्या त्या चार ओळी या कागदावरून सरळ काढून टाका. आयब्रो करायला आलेली बाई त्या वाचत नाही. लग्नघरची मंडळी महिना-दोन महिने आधी बोलणी करायला येतात, त्यांच्या हातात द्यायला वेगळं छोटं कार्ड करा. ‘पासून’ जाईल तिकडे आणि ‘५०० ते ८००’ही जाईल तिकडे. भिंतीवरच्या कागदावर फक्त पक्के दर.

४३ मधून वॅक्सिंगच्या ६, केसांच्या ३ आणि मेकअपच्या ४ गेल्या. उरल्या ३०. एका ए-फोर पानावर ३० ओळी आरामात बसतात, आणि अक्षर वाचता येईल एवढं मोठं ठेवून बसतात.

गटांची नावं ठेवताना सामानाच्या कपाटाकडे बघू नका, येणाऱ्या बाईच्या डोक्याकडे बघा. तुमच्या यादीत ब्लीच ‘केमिकल ट्रीटमेंट’ या मथळ्याखाली स्मूदनिंगच्या शेजारी होतं. कपाटात दोन्ही बाटल्या शेजारी असतील, पण ब्लीच करायला येणारी बाई चेहऱ्याचा विचार करत येते. मी गट असे लावले : थ्रेडिंग, वॅक्सिंग, हात-पाय, चेहरा, केस, आणि लांबीनुसार केस. ‘हात-पाय’मध्ये मॅनिक्युअर-पेडिक्युअर या दोनच ओळी आहेत. दोन ओळींचा गट जरा पोरका दिसतो, तरी मी तो मोडला नाही. पेडिक्युअर शोधणारी बाई ‘चेहरा’खाली कशी बघेल?

गट झाला की नावातला फापटपसारा आपोआप गळतो. ‘थ्रेडिंग’ मथळ्याखाली ‘फुल फेस थ्रेडिंग’ लिहायचं कारण नाही, ‘पूर्ण चेहरा’ पुरे. नावं आखूड झाली तरच पुढे रांग नीट लागते, ते कसं ते खाली येतंच आहे. गटाच्या आत थ्रेडिंगला सगळ्यात जास्त मागणी असलेलं वर, म्हणजे आयब्रो. फेशियलला मात्र स्वस्तापासून महागाकडे, कारण तिथे बाई नावाने कमी आणि खिशाने जास्त ठरवते. क्लीनअपवर नजर ठेवून ती एक-दोन ओळी खाली जाऊन येते.

आता वर्ड. पानाचे समास चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर ठेवा. ए-फोरची रुंदी २१ सेंटिमीटर, म्हणजे मजकुराला १८ उरले. `Layout` मधून `Columns`, मग `More Columns...` मध्ये `Two` आणि `Spacing` १ सेंटिमीटर. एकेक कॉलम साडेआठ सेंटिमीटरचा झाला. दोन कॉलम फक्त जागा वाचवायला केलेले नाहीत. अख्ख्या पानाच्या रुंदीत डावीकडे ‘आयब्रो’ आणि तिथून १८ सेंटिमीटरवर ‘५०’ असलं, तर मधल्या पांढऱ्या मैदानातून जाताना नजर एक ओळ वर किंवा खाली घसरते, आणि बाई अप्पर लिपचा दर आयब्रोला लावते. मग लोक मध्ये ठिपक्यांची रांग घालतात. आपल्या लिपीत ती मला पटत नाही. आपली अक्षरं वरच्या शिरोरेषेला टांगलेली, ठिपके खाली तळाला, त्यामुळे नजर उंचीवरून उतरून ठिपके पकडते, आणि ‘पूर्ण’सारख्या शब्दातला ऊकार त्या ठिपक्यांत मिसळतो. अंतरच कमी केलं तर ठिपक्यांची गरज राहत नाही. साडेआठ सेंटिमीटरमध्ये नजर घसरत नाही.

आता जुन्या स्पेस काढायच्या. `Ctrl+H` दाबा. `Find what` मध्ये दोन स्पेस टाईप करा आणि `Replace with` मध्ये `^t` लिहून `Replace All` दाबा. म्हणजे दोन-दोन स्पेसच्या जागी एकेक टॅब आला. त्यानंतर खाली दिलेलं, बदललेल्या जागांची संख्या शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा :

```
Find what:     ^t^t
Replace with:  ^t
```

स्पेस विषम असतील तर शेवटची एक स्पेस टॅबच्या मागे उरते. `^t` आणि एक स्पेस शोधून नुसता `^t` करा की तीही जाते. आता प्रत्येक नाव आणि दर यांच्यात एकच बाण दिसायला हवा. वॅक्सिंगच्या ओळींत दोन बाण, एक साध्याच्या आधी, एक रिकाच्या आधी.

मग एक दर असलेल्या सगळ्या ओळी निवडा. `Home` वर `Paragraph` च्या कोपऱ्यातला बारीक बाण, तिथे खाली `Tabs...`. `Tab stop position` मध्ये `8.5 cm` लिहा, `Alignment` मध्ये `Right` निवडा, `Leader` ला `None` राहू द्या, `Set` दाबा, मग `OK`. `Set` दाबायला लोक विसरतात. उजवा टॅब म्हणजे काय, तर त्या जागी एक अदृश्य भिंत उभी राहते आणि आकडा तिला पाठ टेकून डावीकडे वाढतो. ५० असो की १,२००, शेवटचं शून्य एकाखाली एकच येतं. नेहमीचा डावा टॅब ठेवलात तर उलट होतं : पहिला आकडा एकाखाली एक येतो, आणि ५० चा ५ हा १,२०० च्या १ खाली बसतो. दिसायला रांग, वाचायला घोटाळा.

दोन दरांच्या ओळींना दोन उजवे टॅब लावा, एक `6.3 cm` ला आणि एक `8.5 cm` ला. स्मूदनिंगचे आकडे चार अंकी आहेत, म्हणून मधलं अंतर एवढं ठेवलं. वॅक्सिंगलाही हेच टॅब ठेवा. तिथे कमी अंतरात भागलं असतं, पण पानावर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या रांगा दिसल्या की डोळ्याला टोचतं.

मघाशी आखूड नावांचं म्हटलं ते इथे येतं. नाव लांबून टॅबच्या जागेपर्यंत पोचलं, तर आकड्याला भिंतीपाशी जागा उरत नाही आणि तो पुढच्या ओळीवर पडतो, किंवा नावाला चिकटून भलत्याच जागी थांबतो. एखादाच दर रांग सोडून गेला असेल, तर टॅबशी खेळत बसू नका, त्या ओळीचं नाव आखूड करा.

‘रु.’ प्रत्येक ओळीत नको. मथळ्याखाली एकदाच ‘सर्व दर रुपयांत’ लिहा. ‘/-’ ही चेकवर आकड्यापुढे कुणी अंक वाढवू नये म्हणून लिहितात, भिंतीवरच्या कागदाला तिचं काम नाही. हजाराच्या पुढच्या आकड्यात स्वल्पविराम द्यायचा असेल तर सगळ्या ठिकाणी द्या.

आकडे मराठी ठेवायचे की इंग्रजी, हे तुमच्या गिऱ्हाइकावर आहे. तारकर्लीला येणारी पर्यटक मंडळी बेळगाव, गोवा, कुठकुठून येतात, तुमचं अर्धं काम मे महिन्यात त्यांचंच असेल तर आकडे इंग्रजी करा, नावं मराठीच राहू द्या. गावातल्याच बायका येत असतील तर मराठी आकडे. दोन्हींची भेळ मात्र नको, तुमच्या यादीत ती नऊ ठिकाणी आहे.

मराठी आकडे ठेवलेत तर फॉन्ट आधी तपासा. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये १ बारीक आणि ८ रुंद असतो. उजव्या टॅबमुळे शेवटचा अंक जुळतो, पण आतले अंक सरकतात आणि शतकाखाली शतक येत नाही. तपासायला एका ओळीत ‘११११११’ आणि तिच्या खालच्या ओळीत ‘८८८८८८’ टाईप करा. दोन्ही ओळी एकाच ठिकाणी संपल्या तर तो फॉन्ट दरपत्रकाला चांगला. वरची ओळ पाऊण लांबीवरच संपली तर दुसरा फॉन्ट बघा. वर्डमध्ये आकडे सारख्या रुंदीचे करायची सोय आहे, पण फॉन्टमध्येच तशी तजवीज नसेल तर तिचा उपयोग होत नाही, म्हणून ही ओळीची परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

अक्षर १८ पॉइंट घ्या, मथळे २० आणि ठळक, रकान्यांची नावं ११ ची पुरेत. ओळींमधलं अंतर वाढवायला `Line spacing` मध्ये `Exactly` घेऊ नका. त्यात वर्ड ठरलेल्या उंचीबाहेरचं सरळ कापतो, आणि आपल्याकडे वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं वरच राहतं. ‘पूर्ण’चा रफार गेला की ‘पूण’ होतं. `Multiple` घेऊन १.२ च्या आसपास ठेवा. मथळ्याच्या वर मोकळी जागा जास्त, खाली अगदी थोडी. सारखी ठेवली तर मथळा वरच्या गटाचा की खालच्या गटाचा ते कळत नाही. ही जागा एंटर दाबून करू नका, `Paragraph` मध्ये `Before` ला १४ आणि `After` ला ३ द्या. एंटरची गंमत स्पेससारखीच आहे, दुसऱ्या मशीनवर गेली की हलते.

डाव्या कॉलममध्ये थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि हात-पाय ठेवा. मथळे आणि रकान्यांची नावं धरून १८ ओळी होतात. उजव्यात चेहरा, केस आणि लांबीनुसार केस, २० ओळी. हात-पाय संपल्यावर `Ctrl+Shift+Enter` दाबलं की पुढचा मजकूर उजव्या कॉलमवर जातो. दोन्ही कॉलम तळाशी अगदी एका पातळीवर संपले नाहीत तरी काही बिघडत नाही. ते जुळवायला गट मधूनच तोडू नका.

एक मोह टाळा, तो मी स्वतः भोगलाय. सुरुवातीच्या वर्षांत हायवेवरच्या एका टू-व्हीलर गॅरेजचा फ्लेक्स केला होता, चार बाय तीन फूट. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी नावं एका मजकूर-चौकटीत आणि सगळे दर शेजारच्या दुसऱ्या चौकटीत टाकले. दर उजवीकडे सरळ लावले, सुंदर दिसत होतं. छपाईला पाठवायच्या संध्याकाळी मालकाचा फोन आला, “चेन टाईट करणं राहिलंय, तेवढं वर घाल.” मी नावांच्या चौकटीत एक ओळ घातली. दरांच्या चौकटीत घालायची राहिली. तिथून खाली प्रत्येक नावासमोर पुढच्या कामाचा दर गेला, आणि पंक्चरसमोर वॉशिंगचे दीडशे. आठ दिवस तो फ्लेक्स हायवेवर झळकत होता. मालकाला कळलं ते एका म्हाताऱ्याने विचारल्यावर : “पंक्चर काढूक दीडशे? सोल्युशन सोन्याचा वापरतंस काय रे?” फ्लेक्स माझ्या खर्चाने दुसरा काढला. तेव्हापासून नाव आणि दर एकाच ओळीत, मध्ये टॅब. कोरलमध्ये त्यासाठी मजकूर `Paragraph Text` हवा, `Artistic Text` ला टॅब लावता येत नाहीत. बहुतेक ऑपरेटर नुसतं क्लिक करून टाईप करायला लागतात आणि तिथेच चौकटी वेगळ्या करायची वेळ येते. तुम्ही कधी बाहेरून फ्लेक्स करून घेतलात, तर शेवटच्या क्षणी ओळ वाढवल्यावर पूर्ण यादी पुन्हा मागवा.

तपासणी एकट्याने करू नका. तुमच्या जुन्या वहीतून एकीने नाव वाचायचं आणि दुसरीने छापलेल्या कागदावरून दर सांगायचा, खालून वर. वरून खाली वाचताना आपल्याला पुढचा दर पाठ असतो आणि तोंड कागद न बघताच बोलून जातं.

प्रिंटला देताना वर्डची फाईल देऊ नका. `Save As` मध्ये पीडीएफ करा, म्हणजे फॉन्ट फाईलच्या आतच जातो आणि दुकानदाराच्या मशीनवर काय आहे काय नाही याने फरक पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तर `Document` म्हणून. स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जाऊन अक्षरांच्या कडा फुटतात. पीडीएफ आधी स्वतःच्या मोबाईलवर उघडून बघा. तिथे सरळ दिसलं तर दुकानातही सरळ येईल.

लावायची जागाही मी सांगायला हवी, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत कागद खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आहे. खुर्चीतली बाई तो आरशात बघते, तिला तो उलटा दिसतो. बाकावरच्या बाईला तो दिसतो खरा, पण ट्यूबलाइटची लखलख त्यावर पडलेली. बाकासमोर किंवा बाकाच्या बाजूला, बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. १८ पॉइंट हे हातात किंवा अगदी हातभर अंतरावर वाचायला आहे. बाकापासून भिंत लांब असेल तर हेच पान ए-थ्रीवर मोठं करून घ्या. फाईल बदलावी लागत नाही, छापताना १४१ टक्के सांगितलं की झालं. तेही पुरेल की नाही, ते बघायला आधी साध्या कागदावर प्रिंट काढून चिकटवा आणि चाळिशीचा चष्मा असलेल्या कुणाला तरी बाकावर बसवून, चष्मा काढायला लावून वाचायला सांगा.

राहिला पावसाळा. शाईच्या प्रिंटरवर काढलेला कागद आपल्याकडच्या दमट हवेत आणि वॅक्सच्या, स्टीमरच्या वाफेत जून-जुलैत फुटायला लागतो, म्हणून लेझर प्रिंट घ्या. लॅमिनेशन मॅट करा, ग्लॉसीवर ट्यूब चमकते. कापताना कागदाच्या कडेबाहेर चारी बाजूंनी चार-पाच मिलिमीटर प्लॅस्टिक सोडायला सांगा. कागदाच्या कडेला लागून कापलं की तिथली चिकट शिवण उघडते, ओल आत शिरते आणि गणपतीपर्यंत कडेला तपकिरी डाग धरतो. खिळा ठोकायचा असेल तरी या सोडलेल्या कडेत ठोका, कागदातून नको.

आणि दर बदलाल तेव्हा वरून स्टिकर चिकटवू नका. दोन स्टिकर लागले की बायका नखाने खालचा जुना दर बघतात. पानाच्या तळाला लहान अक्षरात ‘दर लागू’ आणि तारीख छापा, आणि फाईल जपून ठेवा. टॅब एकदा लागले की नव्या दराचं काम फक्त आकडे बदलण्याचं असतं. चतुर्थीच्या आधी चाकरमान्यांची गर्दी सुरू होईल, त्याआधी करायचं असेल तर तुमची नवी फाईल या आठवड्यात पाठवा, छापण्याआधी एकदा मी बघून देतो.